आईविना वासराला पावडरचे दूध: पाणी किती गरम, पावडर किती आणि पाजायचे कधी?

गाय व्यायली, तिसऱ्या-चौथ्या दिवशी आजारी पडून दगावली आणि मागे ३०-३२ किलोची कालवड राहिली. किंवा गाय ठणठणीत आहे, पण झालेला गोऱ्हा संकरित आहे आणि त्याला रोज चार लिटर विकाऊ दूध पाजणे घरात कुणालाच परवडत नाही. दोन्ही वेळी मिल्क रिप्लेसरची, म्हणजे वासरांसाठीच्या दूध पावडरची, पिशवी घरी येते. आठवडाभरात वासराला पातळ हगवण लागते, ‘पावडर बाधली’ असे म्हणून पिशवी कोपऱ्यात पडते आणि वासरू निम्म्या दुधावर येते. दरवेळी दोष पावडरचा नसतो. बऱ्याचदा बिघाड बादलीत झालेला असतो. पाणी कोमट असते, माप अंदाजाचे असते आणि भांडे वरवर विसळलेले असते.

पावडर चिकाची जागा घेत नाही

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. जन्मानंतरचा पहिला चीक वासराला मिळालाच पाहिजे. रोगप्रतिकारक घटक वासराच्या रक्तात थेट शोषले जाण्याची क्षमता तासागणिक घटते आणि साधारण एका दिवसात संपते. म्हणून पहिल्या दोन तासांत सुमारे दोन लिटर आणि बारा तासांच्या आत पुन्हा तेवढाच चीक पाजावा. आई विताना दगावली असेल, तर त्याच दिवशी व्यालेल्या दुसऱ्या निरोगी गाईचा चीक चालतो. पहिले चार-पाच दिवस चीक आणि दूध द्यावे, मग तीन-चार दिवसांत थोडे थोडे करून पावडरवर आणावे. पहिल्या दिवशी पाव भाग पावडरचे दूध, दुसऱ्या दिवशी अर्धे, असा बदल ठेवला की पोट बिघडण्याचा धोका कमी होतो.

पिशवी घेताना मागची बाजू वाचा. साधारण २० ते २४ टक्के प्रथिने आणि १५ ते २० टक्के स्निग्धांश असलेली पावडर लहान वासराला चालते. प्रथिने कुठून आली, हेही पाहा. दूध भुकटी किंवा व्हे, म्हणजे निवळीपासून बनवलेली पावडर वासरू पचवते. सोया किंवा गव्हाची प्रथिने जास्त असतील, तर तीन आठवड्यांच्या आतल्या वासराला ती नीट पचत नाहीत. तंतुमय घटक ०.२ टक्क्यांहून अधिक छापलेला असेल, तर वनस्पतीज प्रथिने मिसळली आहेत असे समजायला हरकत नाही. स्वस्त पिशवी का स्वस्त आहे, याचे उत्तर अनेकदा याच ओळीत सापडते.

पाणी किती गरम हवे?

इथे दोन तापमाने लक्षात ठेवायची आहेत आणि गोंधळ नेमका त्यांच्यातच होतो. मिसळताना पाणी ४५ ते ५० अंश सेल्सिअस हवे. वासराच्या तोंडाशी दूध पोहोचेल तेव्हा ते ३९-४० अंश हवे, म्हणजे वासराच्या अंगाइतके.

मिसळताना जास्त उष्णता लागते ती पावडरमधल्या चरबीसाठी. कोमट पाण्यात ती नीट विरघळत नाही. गुठळ्या राहतात, थोड्या वेळाने तुपट थर वर येतो आणि भांड्याच्या कडांना चिकटतो. वासराच्या वाट्याला पातळ पाणी येते, चरबी बादलीतच राहते. उलट, उकळते पाणी थेट पावडरवर ओतले तर प्रथिने साकळतात आणि बिघडतात. ६० अंशांच्या वर जाऊ नये. पिशवीवर कंपनीने वेगळे तापमान दिले असेल, तर ते पाळावे.

मेडिकलमधला ताप मोजायचा थर्मामीटर इथे उपयोगाचा नाही, कारण त्याची मोजणी ४२-४३ अंशांतच संपते. स्वयंपाकघरात किंवा दूध संकलनात वापरतात तो साधा थर्मामीटर घ्यावा. तो नसेल तेव्हा एक हिशेब उपयोगी पडतो. एक भांडे उकळते पाणी आणि त्याच मापाची दोन भांडी साधे पाणी एकत्र केले की उन्हाळ्या-पावसाळ्यात ४८-४९ अंशांच्या आसपास पाणी तयार होते. थंडीत साधे पाणी गार असल्याने हाच हिशेब ४४ अंशांपर्यंत घसरतो, त्यामुळे उकळते पाणी थोडे वाढवावे. बोट बुडवून अंदाज घेण्याची सवय सोडलेली बरी. थंडीत गारठलेल्या हाताला ३५ अंशांचे पाणीही गरम वाटते.

एका वासराचा हिशेब

समजा, वासराचे वजन ३२ किलो आहे. रोज वजनाच्या दहा टक्के, म्हणजे तीन लिटरच्या थोडे वर, हे जुने माप. पण तेवढ्यावर वासरू जेमतेम जगते, वाढत नाही. म्हणून दोन वेळा दोन-दोन लिटर, एकूण चार लिटर धरू. तयार दुधाच्या एका लिटरला १२५ ग्रॅम पावडर हे सर्वसाधारण प्रमाण आहे. म्हणजे एका वेळेला २५० ग्रॅम आणि दिवसाला अर्धा किलो.

स्वच्छ बादलीत आधी एक लिटर गरम पाणी घ्या. त्यावर २५० ग्रॅम पावडर पसरत टाका आणि रवीने किंवा तारेच्या व्हिस्कने दोन-तीन मिनिटे घुसळा. सगळ्या गुठळ्या मोडल्या की कोमट पाणी घालून एकूण पातळी दोन लिटरच्या खुणेपर्यंत आणा. ‘एकूण’ या शब्दाकडे लक्ष द्या. पावडरही जागा घेते. आधीच दोन लिटर पाणी घेऊन त्यात पावडर टाकली, तर दूध पातळ होते. वरून घालायचे पाणी गार नको, नाहीतर तोंडाशी पोहोचेपर्यंत दूध ३५ अंशांच्या खाली जाते. तयार दूध लगेच पाजा. सकाळी दोन्ही वेळचे एकदम कालवून ठेवले, तर संध्याकाळपर्यंत त्यात जंतू वाढलेले असतात.

माप हा दुसरा घोळ. घरातला पेला एकाने शिगोशीग भरला आणि दुसऱ्याने सपाट भरला, तर पन्नास-साठ ग्रॅमचा फरक सहज पडतो. किराणा दुकानातल्या काट्यावर एकदा २५० ग्रॅम मोजून एका डब्यात घ्या, डबा हलकेच आपटून पावडर बसवा आणि त्या पातळीला पेनने रेघ मारा. नवीन पिशवी आली की पुन्हा मोजा, पावडर कमी-जास्त भुसभुशीत असते. दूध रोज सारखेच असणे वासराला मानवते. आज पातळ, उद्या घट्ट असे झाले की पोट बिघडते. फार घट्ट दूध आतड्यात पाणी ओढून घेते आणि हगवण लागते. थंडीत वासराला जास्त खाऊ घालायचे असेल, तर दूध घट्ट करू नका. रात्री नऊच्या सुमारास एक लिटरचा तिसरा पाज वाढवा.

पाजायचे कसे आणि कधी?

वासरू चोखते तेव्हा घशाच्या पुढची एक खोबण मिटून नळी तयार होते आणि दूध कोठीपोट टाळून थेट चौथ्या पोटात जाते. बादलीत मान खाली घालून घटाघटा प्यायल्यास ही नळी अर्धवट मिटते, काही दूध कोठीपोटात जाऊन तिथे आंबते. असे होत असल्याची खूण म्हणजे पाजल्यावर डावी कूस फुगणे आणि चिकणमातीसारखे राखाडी, चिकट शेण. निपलची बाटली किंवा निपल लावलेली बादली गाईच्या कासेच्या उंचीला टांगावी, म्हणजे वासराची मान किंचित वर राहते. निपलचे छिद्र मोठे करू नका. वासरू चोखत नाही म्हणून तोंड वर धरून दूध ओतणे तर धोक्याचेच. ते फुप्फुसात जाते आणि दोन दिवसांत वासराला न्यूमोनिया होतो.

वेळ सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा ठेवा. धारेच्या वेळा पहाटे चार आणि दुपारी तीन असतील, तर वासराला रात्रीचे तेरा तास उपाशी काढावे लागतात आणि ते पुढच्या वेळी हावरटासारखे पिते. दूध संपल्यावर साधारण अर्ध्या तासाने स्वच्छ पाणी समोर ठेवा. ‘दुधात पाणी असतेच की’ हा समज चुकीचा आहे. हे वेगळे प्यायलेले पाणी कोठीपोटात जाते आणि तिथली पचनाची सुरुवात त्यावर अवलंबून असते. पहिल्या आठवड्यापासून मूठभर काफ स्टार्टर ठेवा, उरलेला रोज बदला. साधारण दोन महिन्यांचे झाल्यावर सलग तीन दिवस एक किलोच्या आसपास स्टार्टर खाल्ला की दूध आठवडाभरात कमी करून बंद करता येते. नुसती तारीख पाहून दूध तोडू नका.

भांडी धुण्याचा क्रम

बाटली उकळत्या पाण्याने धुतली की काम झाले, असे वाटते. पण दुधाळ भांड्यावर आधीच कढत पाणी पडले, तर प्रथिने साकळून प्लास्टिकला चिकटतात. त्याखाली एक निसरडा थर बसतो आणि जंतू तिथेच मुक्काम करतात. म्हणून पहिले विसळणे कोमट पाण्याने करावे. मग ५५-६० अंशांच्या पाण्यात डिटर्जंट घालून ब्रशने घासावे आणि निपल काढून आतून वेगळे घासावे. स्वच्छ पाण्याने विसळून भांडी जमिनीवर न ठेवता जाळीवर उपडी सुकवावीत. बाटलीच्या आत बोट फिरवून पाहा. निसरडे लागले तर धुणे अपुरे आहे. विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी मिसळण्यासाठी वापरत असाल तर ते उकळून घ्या. पाणी खारट असेल तर दुसरे शोधा, कारण पावडरमध्येही क्षार असतात. दोन वासरांना एकच निपल द्यायचे झाले, तर आजारी वासराला शेवटी पाजा.

हगवण लागली तर?

पहिली प्रतिक्रिया दूध बंद करण्याची असते आणि तीच वासराला कमजोर करते. वासरू चोखत असेल तर दूध नेहमीच्या मापानेच चालू ठेवा. दोन पाजांच्या मध्ये, दुधानंतर किमान दोन तासांनी, जनावरांसाठीचे इलेक्ट्रोलाइट पाण्यात कालवून दोन लिटर द्या. ते दुधात मिसळू नका. मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. ती दोन सेकंदांत सपाट झाली नाही, डोळे खोल गेले, तोंडाच्या आत बोट घातल्यावर गार लागले किंवा वासरू उभे राहीना, तर तोंडावाटे पाणी पुरेसे ठरत नाही. शिरेतून सलाईन लागते, त्यामुळे पशुवैद्यकाला त्याच वेळी बोलवा. शेणात रक्त दिसले तरीही थांबू नका. येताना डॉक्टरांनी पावडरची पिशवी आणि मापाचा डबा पाहिला, तर निदान लवकर होते, म्हणून दोन्ही समोर काढून ठेवा.