कामकाजी पत्रे (भाग 9) : क्लायंटला निरोप देताना

मागच्या भागात थकलेल्या बिलाचं स्मरणपत्र पाहिलं. आजचं पत्र त्याहून अवघड आहे. पैसे वेळेवर देणारा, पण आपल्या माणसांना घालूनपाडून बोलणारा क्लायंट सोडताना ते लिहावं लागतं.

आळंदीत माझं हिशेब आणि करसल्ल्याचं छोटं कार्यालय आहे. मरकळ रस्त्यावरचा एक फॅब्रिकेशनचा कारखाना आमच्याकडे होता. मालक माझ्याशी नीट बोलत. आमची अकाउंटंट मुलगी बिलं मागायला गेली, की सगळ्या कामगारांसमोर तिची अक्कल काढत. मी दोनदा समक्ष सांगितलं, एकदा ईमेलवर लिहिलं. फरक पडला नाही. तक्रारीची जागा तीच होती, निरोपाच्या पत्राआधीची. पत्रात ती पुन्हा उगाळली, तर समोरचा प्रत्येक प्रसंगाचा खुलासा मागत बसतो.

आधी तारीख ठरवली. आमच्या करारात 30 दिवसांची सूचना होती. 1 ऑक्टोबरला पत्र दिलं, म्हणजे मुदत 31 ऑक्टोबरला संपत होती. मधल्या काळात सप्टेंबरचा टीडीएस 7 तारखेला, जीएसटीआर-1 11 तारखेला, जीएसटीआर-3बी 20 तारखेला आणि तिमाहीचं टीडीएस रिटर्न 31 तारखेला, असं सगळं काम आमच्याच हातून पुरं होत होतं. 15 तारखेला निघालो असतो, तर 3बी अधांतरी राहिलं असतं. उशिराचा दंड क्लायंटला बसला असता आणि दोष रास्तपणे आमच्यावर आला असता.

पत्र असं गेलं :

"मा. संचालक यांस, स.न.वि.वि.
आमच्या कार्यालयाने आपले हिशेब व कर-विवरणपत्रांचे काम 31 ऑक्टोबरनंतर थांबवण्याचा निर्णय घेतला आहे. कामाच्या वेळच्या संवादाबाबत आपल्याशी पूर्वी बोलणे झाले आहे. त्यात आवश्यक बदल न झाल्याने हे काम पुढे चालू ठेवणे आम्हाला शक्य नाही. सप्टेंबरअखेरची सर्व विवरणपत्रे आम्ही मुदतीत भरू. ऑक्टोबरचे जीएसटीआर-1 11 नोव्हेंबरपर्यंत भरायचे असून ते नव्या सल्लागारांकडून करून घ्यावे. कागदपत्रे, टॅलीचा बॅकअप व डिजिटल सहीचे टोकन 28 ऑक्टोबरला यादीसह आपल्या स्वाधीन करू. हस्तांतरणाबाबत कृपया माझ्याशीच संपर्क साधावा. आजवरच्या कामाबद्दल आभार. कळावे."

कारणाचं वाक्य एकच आहे, आणि ते खरं आहे. भिडेपोटी "सध्या कामाचा ताण आहे" असं लिहिण्याचा मोह होतो. पण मग समोरचा म्हणतो, "फी वाढवतो, दोन महिने थांबा." त्याला काय उत्तर देणार? "शक्यतो", "विचार आहे" हे शब्दही गाळावेत, कारण ते वाचल्यावर घासाघीस सुरू होते. "उद्धट", "अपमानास्पद" अशी विशेषणंही नकोत. तशा पत्राची प्रत त्यांच्या बँकेला किंवा नव्या सल्लागाराला गेली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली बदनामीचा वाद ओढवून घेतला जातो. पत्र फक्त क्लायंटला द्यावं.

शेवटचं बिल स्वतंत्र पाठवलं. "बाकी मिळाल्यावर फाइल देऊ" हे वाक्य पत्रात आलं, की निरोपाचं पत्र धमकीचं होतं. वसुलीचा मार्ग मागच्या भागात सांगितला आहे.

खरी अडचण जीएसटी पोर्टलवर निघाली. आमच्याकडे बऱ्याच कार्यालयांत होतं तसं, नोंदणीच्या वेळी क्लायंटऐवजी आमचाच मोबाइल आणि ईमेल टाकला होता. म्हणजे ओटीपी आमच्याकडेच येणार. टोकन परत केलं, पण नंबर तोच राहिला, तर नवा सल्लागार अडतो आणि नको असलेले फोन सहा महिने चालू राहतात. म्हणून नॉन-कोअर दुरुस्तीतून दोन्ही बदलून घेतले, नवा ओटीपी त्यांच्या फोनवर आल्याची खात्री केली आणि मगच पोचपावतीवर सही घेतली.

"माझ्याशीच संपर्क साधावा" ही ओळ मात्र त्या मुलीसाठी होती. 28 तारखेला फाइली घेऊन मी स्वतः गेलो. मालक चिडून म्हणाले, "एवढ्याशा गोष्टीसाठी?" मी म्हटलं, "निर्णय झालाय, साहेब. यादी तपासून घ्या."

एक सीमा इथे सांगायलाच हवी. बोलणं लैंगिक स्वरूपाचं असेल, तर असं पत्र पुरेसं नाही. 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्याच्या कलम 19 प्रमाणे कामानिमित्त संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनही महिला कर्मचारी सुरक्षित राहील, हे पाहणं मालकाचं काम आहे. तिथे तिला तक्रार करायला लागेल ती मदत द्यावी लागते. काम सोडलं म्हणून ती जबाबदारी सुटत नाही.

तुमच्याकडे असा क्लायंट असेल, तर आधी त्याच्या पोर्टलवर कोणाचा मोबाइल नंबर आहे, ते आजच पाहून घ्या.