केमोच्या गोळ्या घरात

कॅपेसिटाबीन ही मोठ्या आतड्याच्या आणि स्तनाच्या कर्करोगात दिली जाणारी केमोथेरपीची गोळी आहे. सलाईन नाही, सुई नाही, म्हणून घरच्यांना ती रक्तदाबाच्या गोळीसारखीच वाटते. शरीरात गेल्यावर मात्र तिचे रूपांतर फ्लुरोयुरासिलमध्ये होते, आणि रुग्णालयात शिरेतून देतात तेच हे औषध. ते झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारते. कर्करोग नसलेल्या माणसाच्या शरीरात त्याचा थोडासा अंशही जाऊ नये, एवढ्यासाठी घरात काही शिस्त पाळावी लागते.

एका रुग्ण बाईंचे उदाहरण घेऊ. त्यांना ५०० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या सकाळी आणि तीन रात्री अशा १४ दिवस घ्यायच्या आहेत, त्यानंतर सात दिवस सुट्टी. म्हणजे एका फेरीला ८४ गोळ्या लागतात. दहा गोळ्यांची नऊ पाकिटे आणली तर सहा गोळ्या मुळातच जास्त येतात. हा हिशेब पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर मांडून ठेवावा.

दोन डोसांमध्ये सुमारे बारा तासांचे अंतर असावे. जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत गोळ्या पाण्याबरोबर अख्ख्याच गिळायच्या. गिळताना त्रास होतो म्हणून खलबत्त्यात कुटणे किंवा सुरीने अर्ध्या करणे ही घरातली सर्वांत धोक्याची चूक ठरते. गोळीवरचे आवरण फुटले की औषधाची पूड हवेत उडते, खलबत्त्यात राहते आणि पुढच्या चटणीत उतरते. गिळता येत नसेल तर डॉक्टरांना तसे सांगावे.

रुग्णाने स्वतःच्या गोळ्या स्वतः काढल्या तर हातमोजे लागत नाहीत, नंतर हात साबणाने धुतले की पुरे. सुनेने किंवा मुलाने काढून द्यायच्या असतील तर एकदाच वापरायचे नायट्राइलचे हातमोजे घालावेत. पाकिटातली गोळी तळहातावर न घेता थेट कागदी कपात पाडावी. मोजे आतली बाजू बाहेर येईल असे उलटे काढावेत आणि नंतर हात धुवावेत. सॅनिटायझर चालत नाही, कारण तो जंतू मारतो, औषध धुऊन काढत नाही. गरोदर असलेल्या, गर्भधारणेचा विचार असलेल्या किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने या गोळ्यांना हात लावूच नये.

गोळ्या मूळ पाकिटातच, कुलपाच्या कपाटात, मुलांच्या हाताबाहेर ठेवाव्यात. आठवड्याच्या डबीत इतर औषधांबरोबर मिसळू नयेत. न्हाणीघरातली दमट हवा आणि गॅसच्या शेगडीजवळची ऊब त्यांना सोसत नाही. सगळ्या केमो-गोळ्यांना एकच नियम मात्र लागू नाही. मेल्फलानच्या गोळ्या फ्रिजमध्येच लागतात, आणि तिथेही बंद डब्यात, खाण्याच्या वस्तूंपासून वेगळ्या.

आता खरी गोंधळाची जागा. या बाई पाचव्या दिवशी लग्नाला गेल्या आणि रात्रीचा डोस राहिला. सकाळी सहा गोळ्या घ्यायच्या का? नाही. राहिलेला डोस सोडून द्यायचा आणि सकाळी नेहमीच्या तीनच घ्यायच्या. आठव्या दिवशी गोळ्या घेतल्यावर थोड्या वेळाने उलटी झाली. तेव्हाही पुन्हा गोळ्या घ्यायच्या नाहीत, कारण किती औषध शरीरात गेले हे घरी कळू शकत नाही. पुढचा डोस वेळेवर घ्यायचा आणि डॉक्टरांना फोन करायचा. चौदाव्या रात्री त्यांच्याकडे सहाऐवजी नऊ गोळ्या उरतील. त्या संपवण्यासाठी पंधराव्या दिवशी चालू ठेवणे चूक आहे. फेरी कॅलेंडरवर संपते, पाकिटावर नाही. त्या सात दिवसांत रक्तपेशी आणि आतड्याचे अस्तर भरून येत असते. हा नियम कॅपेसिटाबीनचा आहे. दुसऱ्या गोळीसाठी तो वेगळा असू शकतो, म्हणून पहिल्याच दिवशी विचारून लिहून ठेवावा.

उलटी, लघवी आणि शौचातूनही औषध बाहेर पडते. शेवटच्या डोसानंतर निदान दोन दिवस ती मोजे घालूनच साफ करावी. झाकण लावून दोनदा फ्लश करावे. भारतीय बैठकीच्या संडासात पाणी हळू ओतावे, शिंतोडे उडू देऊ नयेत. माखलेली चादर वेगळी, दोनदा धुवावी.

नेहमीपेक्षा दिवसाला चार किंवा जास्त वेळा शौचाला होणे, रात्री उठावे लागणे, तोंड सोलवटून खाणे बंद होणे, तळहात-तळपाय दुखरे लाल होणे, किंवा १००.४ अंश फॅरेनहाइट ताप, यांतले काहीही दिसले तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी रुग्णालयाला कळवावे. ठरलेल्यापेक्षा जास्त गोळ्या गेल्या असतील तर त्रास होण्याची वाट न पाहता लगेच निघावे.

उरलेल्या नऊ गोळ्या संडासात टाकू नयेत, कचऱ्यात देऊ नयेत आणि ओळखीच्या दुसऱ्या रुग्णाला तर अजिबात देऊ नयेत. पाकिटासकट बंद पिशवीत घालून पुढच्या भेटीत रुग्णालयाच्या औषध विभागात नेऊन द्याव्यात.