नानांनी गोळ्या का सोडल्या?

सातारा जिल्ह्यातल्या एका गावात राहणारे, शिक्षक म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ. वय 76. घरात त्यांना नाना म्हणतात. बारा वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू. मुलगा पुण्यात, मुलगी नाशिकला. दिवाळीला सगळे जमले तेव्हा सुनेला कपाटात गोळ्यांची न उघडलेली पाकिटं सापडली, दोन महिन्यांची. मग व्हायचं तेच झालं. मुलगा चिडला, मुलीने रडून घेतलं, आईने शपथ घातली. नाना म्हणाले, "मला काही होत नाही, तुम्ही आपलं बघा," आणि ओसरीवर जाऊन बसले.

असा प्रसंग बहुतेक घरांत घडतो आणि बहुतेक घरं इथेच अडकतात. म्हातारपणी माणूस हट्टी होतो, असं म्हणून विषय मिटवला जातो. पण वर्षानुवर्षं नियमाने गोळी घेणारा माणूस ती मध्येच सोडतो, तेव्हा त्याच्याकडे बहुधा कारण असतं. ते सांगण्याची त्याला लाज वाटते, किंवा कुणी विचारलेलंच नसतं.

मुलीने दोन दिवसांनी ते विचारलं. सगळे समोर असताना नव्हे, सकाळी नानांबरोबर शेतापर्यंत चालत जाताना. "गोळ्या का घेत नाही?" या प्रश्नात आरोप असतो. तिने विचारलं, "नाना, या गोळ्यांनी तुम्हाला त्रास काय होतो?" थोडा वेळ नाना काही बोलले नाहीत. मग सांगितलं, की नवीन गोळी सुरू झाल्यापासून लघवी आवरत नाही. एसटीने साताऱ्याला जायचं तर मध्ये थांबायची सोय नाही. एकदा लग्नातून अर्धवट उठून यावं लागलं. देवळातल्या पारायणालाही बसता येईना. एकाच गोळीचा त्रास होता, पण नक्की कोणती ते कळत नव्हतं, म्हणून त्यांनी सगळ्याच बंद केल्या.

ही नवीन गोळी आली कुठून, ते पाहण्यासारखं आहे. नानांना आधी ॲम्लोडिपिन 5 मिलिग्रॅम चालू होती. दाब उतरेना म्हणून ती 10 केली. या औषधाने काही लोकांच्या घोट्यांना सूज येते आणि मात्रा वाढली की तिची शक्यताही वाढते. नानांचे पाय सुजले. ते दुसऱ्याच डॉक्टरांकडे गेले आणि त्यांनी सुजेसाठी लघवी वाढवणारी गोळी दिली. पण ॲम्लोडिपिनची सूज शरीरात पाणी साठल्यामुळे येत नाही. ती बारीक रक्तवाहिन्या रुंदावल्यामुळे येते, त्यामुळे लघवीच्या गोळीने ती फारशी उतरत नाही. म्हणजे एका औषधाचा दुष्परिणाम हा नवा आजार समजला गेला आणि त्यावर दुसरं औषध आलं. म्हाताऱ्या माणसांच्या औषधांच्या पिशवीत असे प्रकार बरेच सापडतात. एनालाप्रिल, रामिप्रिल या गोळ्यांनी कोरडा खोकला येतो आणि त्यावर खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या संपत राहतात. मेटफॉर्मिनने पोट बिघडतं, तेही बाहेर सांगायला संकोच वाटतो.

गुपचूप गोळ्या सोडण्याचा एक धोका घरच्यांच्या लक्षात येत नाही. डॉक्टरांना वाटतं, गोळी चालू असूनही दाब वाढलेला आहे, म्हणून ते मात्रा वाढवतात. मग एक दिवस घरचे पहारा ठेवून सगळ्या गोळ्या एकदम खायला घालतात, दाब झपकन खाली येतो आणि पहाटे उठताना माणूस पडतो. म्हणून न घेतलेल्या गोळ्या सापडल्या की त्याच संध्याकाळी पूर्ण मात्रा सुरू करू नका. खरं काय ते आधी डॉक्टरांना सांगा.

नानांच्या घरी यापुढचं पाऊल मला फार शहाणपणाचं वाटतं. मुलीने वाद घातला नाही, म्हणाली, "दाब नाहीच म्हणता ना, मग आपण मोजून बघू." दंडाला पट्टा बांधायचं यंत्र आणलं. त्याआधी अर्धा तास चहा नाही, तंबाखू नाही. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसायचं, हात छातीच्या पातळीला, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा मोजायचं. आकडे वहीत नानांनी स्वतः लिहायचे. आठवडाभरानंतर पहिल्या दिवसाचे आकडे सोडून सरासरी निघाली 168/86. घरी मोजताना 135/85 च्या वरचा दाब वाढलेला धरतात. गणिताच्या मास्तरांना स्वतःच्या अक्षरातली सरासरी नाकारता येईना.

फॅमिली डॉक्टरांनी सूज हृदयाची किंवा मूत्रपिंडाची नाही याची खात्री केली आणि लघवीची गोळी कायमची बंद केली. ॲम्लोडिपिनच्या जागी टेल्मिसार्टन 40 मिलिग्रॅम दिली. हा निर्णय डॉक्टरांचाच असायला हवा. हृदय कमजोर असलेल्या माणसाला लघवीचीच गोळी जगवत असते. बसून आणि उभं राहून एक आणि तीन मिनिटांनी दाब मोजला. उभं राहिल्यावर वरचा आकडा 20 ने घसरला असता तर औषध आणखी जपून द्यावं लागलं असतं.

टेल्मिसार्टन सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत रक्तातलं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासतात. इथे नाना पुन्हा अडले. "तपासायला गेलं की काहीतरी निघतंच," असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या धाकट्या भावाचं निदान अशाच एका तपासणीत झालं होतं आणि पुढचं सगळं दवाखान्यातच गेलं. ही भीती हसण्यावारी न्यायची नसते. डॉक्टरांनी त्यांना एवढंच सांगितलं, की या रक्तातून एकाच प्रश्नाचं उत्तर हवंय, ही गोळी तुमच्या मूत्रपिंडाला मानवते का. उपाशी राहायचं नव्हतं, तंत्रज्ञ घरी येऊन रक्त नेणार होता आणि दुसरी कोणतीही तपासणी विचारल्याशिवाय होणार नव्हती. नानांनी हात पुढे केला. दोन महिन्यांनी दाबाची सरासरी 138/78 होती आणि पायाची सूज गेली होती.

गोळी कुटून आमटीत घालण्याची युक्ती अनेक घरांत चालते. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटल्या की दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं. आणि एकदा ते लक्षात आलं की म्हातारं माणूस ताटावरही विश्वास ठेवत नाही. कायदाही पालकांच्या बाजूने आहे. समजउमज शाबूत असलेल्या प्रौढ माणसाच्या वतीने नातेवाईक संमती देऊ शकत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केलं आहे. त्या प्रकरणात रुग्णाच्या आईने दिलेली संमतीही ग्राह्य धरली गेली नव्हती.

नकार एक-दोन दिवसांत अचानक आला असेल, बोलणं असंबद्ध झालं असेल, दिवस-रात्रीचा घोळ होत असेल, तर मात्र समजावत बसू नका. म्हातारपणी लघवीचा किंवा छातीचा संसर्ग असाही सुरू होतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, बोबडी वळणं यांत तर मन वळवण्याइतका वेळच नसतो. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. 108 ला फोन करा.

बाकी वेळी घाई नसते. पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे जाताना घरातली सगळी औषधं एका पिशवीत घाला. त्यात दुकानातून परस्पर आणलेल्या, आयुर्वेदिक आणि शेजाऱ्यांनी सुचवलेल्या गोळ्याही आल्या. आई-वडिलांच्या देखत विचारा, "यातली कोणती बंद करता येईल?"