प्रवासातला दुसरा पडदा आणि लॅपटॉपची बॅटरी

पोर्टेबल मॉनिटर घेण्याआधी लॅपटॉपचा यूएसबी-सी पोर्ट तपासावा. काही पोर्ट फक्त चार्जिंग आणि डेटापुरते असतात. चित्र पाठवायला ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ किंवा थंडरबोल्टची सोय लागते. केबलचेही तसेच आहे. फोनच्या चार्जरसोबतची केबल बहुधा चित्र वाहून नेत नाही. मॉनिटरचा दिवा लागतो, पण पडद्यावर No Signal दिसते. म्हणून मॉनिटरसोबत आलेलीच केबल जपून ठेवावी.

खरा प्रश्न विजेचा. साधारण 15.6 इंची फुल एचडी मॉनिटर 8 वॅटच्या आसपास वीज घेतो आणि ती लॅपटॉपच्याच बॅटरीतून जाते. समजा बॅटरी 48 वॅट-तासांची आहे आणि साध्या लेखनकामात लॅपटॉप स्वतः 8 वॅट खातो. एरवी 6 तास चालणारे काम मॉनिटर जोडताच 3 तासांवर येते. उजेड कमी केला, तर यातला बराच वेळ परत मिळतो. उजेड वाढवताच पडदा लुकलुकत असेल किंवा बंद पडत असेल, तर पोर्टची वीज अपुरी पडते आहे असे समजावे.

त्यामुळे दोन यूएसबी-सी पोर्ट असलेला आणि ‘पास-थ्रू चार्जिंग’ देणारा मॉनिटर घेणे शहाणपणाचे. हॉटेलात 65 वॅटचा चार्जर मॉनिटरला लावला, की तो आपल्यापुरती वीज ठेवून उरलेली लॅपटॉपला देतो. जोडणी झाल्यावर विंडोजमध्ये Win+P दाबून Extend निवडावे.