घड्याळाविना चालणारी चिप

नेहमीच्या चिपमध्ये घड्याळाचा ठोका पडला की आकडा तयार आहे असं गृहीत धरतात. ठोका नसेल, तर उत्तर आलं हे कळणार कसं? एका तारेवरचा शून्य म्हणजे खरा शून्य, की अजून काहीच आलेलं नाही?

यावर तोडगा म्हणून प्रत्येक बिटाला दोन तारा देतात. पहिली उठली तर शून्य, दुसरी उठली तर एक. दोन्ही खाली म्हणजे ‘माहिती नाही’, आणि दोन्ही एकदम वर कधीच जायच्या नाहीत.

समजा, दोन बिटांचा आकडा निघाला. प्रत्येक जोडीवर एक ऑर गेट असतं. जोडीतली कोणतीही तार उठली की ते एक दाखवतं. दोन्ही ऑर गेटचं मत मग सी-एलिमेंटकडे जातं. अमेरिकेतल्या डेव्हिड मुलर यांच्या नावाने ओळखलं जाणारं हे गेट दोन्ही इनपुट एक झाले तरच एक होतं आणि दोन्ही शून्य झाले तरच शून्य; एरवी जुनंच धरून बसतं.

हा हट्टीपणा कामाचा आहे. आकडा पोचल्यावर सगळ्या तारा खाली आणाव्या लागतात. इथे साधं अँड गेट असतं, तर एक जोडी उतरताच ‘झालं’ म्हणालं असतं आणि मागे रेंगाळलेला जुना बिट नव्या आकड्यात मिसळला असता.

एखादी तार तुटली तर सर्किट चुकीचं उत्तर देण्याऐवजी थांबून राहतं. किंमत मात्र चोख: तारा दुप्पट, आणि दर आकड्यामागे चढउतार ठरलेलाच.