तीन हातांना किती व्हार्निश?

कोकणातल्या आमच्या घराच्या दारं-खिडक्यांना व्हार्निश करायचं ठरलं, तेव्हा हिशेब मीच मांडला होता. लांबी गुणिले रुंदी, दोन बाजू म्हणून दुप्पट, तीन हात म्हणून तिप्पट, आणि आलेल्या आकड्याला डब्यावरच्या आकड्याने भागलं. उत्तर आलं ९ लिटर. तिसऱ्या हाताला पुढचं दार झालं आणि डब्यात जेमतेम पेलाभर उरलं. "काका, यात टर्पेंटाइन घालून खिडक्यांना बाहेरून ओढू का?" पेंटरने विचारलं. मी हो म्हटलं. पहिल्याच पावसाळ्यात त्या खिडक्या पांढुरक्या पडल्या, कारण पातळ केलेल्या हाताचा थर लाकडावर उरलाच नव्हता.

चूक दोन ठिकाणी होती. पहिली क्षेत्रफळात. दार म्हणजे सपाट फळी नव्हे. पॅनेलच्या दाराला खोबणी असतात, गोलवा असतो, झडपेच्या कडा असतात, चौकटीची जाडी असते. झिलमिलीच्या खिडकीत तर प्रत्येक पट्टीला स्वतःच्या दोन बाजू. हे सगळं फुटपट्टीने मोजत बसणं शक्य नाही, म्हणून सरकारी बांधकामात एक सोपी रीत आहे. चौकटीच्या बाहेरच्या कडेपासून सपाट माप घ्यायचं आणि प्रत्येक बाजूसाठी ठरलेल्या गुणकाने गुणायचं. पॅनेलच्या दाराला १.३, फ्लश दाराला १.२, पूर्ण काचेच्या खिडकीला ०.८ आणि झिलमिलीला १.८. हे गुणक मुळात मजुरीसकट बिल करण्यासाठी आहेत. काचेच्या कडेने हात जपून चालवावा लागतो, त्याची मेहनतही ०.८ मध्ये धरलेली असते. त्यामुळे अशा खिडक्यांचं थोडं व्हार्निश उरतं. माल मागवताना हा अंदाज पुरेसा आहे.

आमचं घर घेऊ. पुढचं दार ४ बाय ७ फूट, म्हणजे दोन बाजूंनी ५६ चौरस फूट. आतली तीन दारं ३ बाय ७, दोन्ही बाजू मिळून १२६. ही सगळी पॅनेलची, म्हणून १८२ गुणिले १.३, साधारण २३७. काचेच्या चार खिडक्या ४ बाय ४ च्या, दोन बाजू १२८, गुणिले ०.८, म्हणजे १०२. झिलमिलीच्या दोन, ३ बाय ४ च्या, दोन बाजू ४८, गुणिले १.८, म्हणजे ८६. एकूण ४२५ चौरस फूट. मी धरलं होतं ३५८. झिलमिलीच्या दोन खिडक्यांनीच जवळपास ४० फूट वाढवले.

दुसरी चूक हातांची. तिन्ही हातांना सारखंच व्हार्निश लागतं असं मी मानलं. घासून उघडं केलेलं लाकूड पहिला हात पिऊन घेतं, विशेषतः जिथे रेषा आडव्या कापल्या गेल्या आहेत तिथे. आमच्या डब्यावर लिटरला १२० चौरस फूट लिहिलं होतं, पण जुन्या सागवानावर पहिल्या हाताला ९० च पडले. म्हणजे पहिल्या हाताला ४२५ भागिले ९०, ४.७ लिटर. पुढच्या दोन हातांना प्रत्येकी ३.५. बेरीज ११.७, त्यावर ब्रशला, भांड्याला लागणारं आणि सांडणारं दहा टक्के धरलं की १३ लिटर. चार लिटरचे तीन डबे आणि एक लिटरचा एक.

९० हा आकडा तुमच्या लाकडाचा असेलच असं नाही. तो काढायला एका दाराची एकच बाजू पुरते. मापाच्या भांड्यात अर्धा लिटर घ्यायचं, पुढच्या दाराची एक बाजू रंगवायची आणि उरलेलं पुन्हा मोजायचं. ती बाजू गुणकासह ३६ चौरस फूट. ४०० मिलिलिटर गेलं तर लिटरला ९०, ३०० गेलं तर १२०. बाकीचे डबे यानंतर मागवावेत. स्पिरिटमध्ये लाख विरघळवून बोळ्याने चढवतात त्या पॉलिशला मात्र हा हिशेब लागू नाही. तिथे थर अतिशय पातळ असतात आणि त्यांची संख्या कारागीर चकाकी पाहून ठरवतो.

यंदा १३ लिटर आणलं आणि झडपा बिजागऱ्यांवरून उतरवून घेतल्या. दाराची खालची कड पहिल्यांदाच नीट पाहिली. वर्षानुवर्षं ती कोरीच राहिली होती, काळी पडलेली, नखाने कुरतडली तर भुगा निघत होता. दर पावसाळ्यात दार फुगून उंबऱ्याला घासायचं ते तिच्यामुळे. पेंटरने दार आडवं ठेवून त्या कडेला पहिला हात दिला, आणि व्हार्निश बघता बघता आत शोषलं गेलं. तिला त्याने चार हात दिले.