एचईआयसीचे जेपेग करताना: वेळ आणि दिशा कशी सांभाळाल?

पुण्याच्या अक्षांशावर १३ मेच्या सुमारास सूर्य भर मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. हा ‘शून्य सावलीचा दिवस’ आपल्याला ठाऊक आहेच. समजा, त्या दिवशी एका शाळेच्या गच्चीवर ३० सेंटिमीटर उंचीची काठी उभी केली आणि सकाळी ११.३० पासून दुपारी १.३० पर्यंत दर दोन मिनिटांनी आयफोनने तिच्या सावलीचे छायाचित्र घेतले. एकूण ६१ छायाचित्रे झाली. प्रत्येक वेळी फोनचा वरचा भाग उत्तरेकडे होता. म्हणजे छायाचित्रात वर उत्तर, डावीकडे पश्चिम.

आता ही छायाचित्रे शाळेच्या संगणकावर आणली, तर पुष्कळदा ती उघडतच नाहीत, कारण त्यांच्या नावांपुढे `.HEIC` असे लिहिलेले असते. ती जेपेग प्रकारात बदलून घ्यावी लागतात. वरवर पाहता काम सोपे आहे. पण ते निष्काळजीपणे केले तर चित्र शाबूत राहते आणि प्रयोग मात्र वाया जातो. तो कसा, हे आपण पाहू.

एचईआयसी म्हणजे काय?

जेपेग ही छायाचित्र साठवण्याची पद्धत १९९२ साली प्रमाणित झाली. नंतरच्या काळात चलच्चित्रांसाठी अधिक कार्यक्षम संक्षेपण-पद्धती निघाल्या. त्यांपैकी एचईव्हीसी ही पद्धत स्थिरचित्रालाही लावता येते. तशा रीतीने दाबून बसवलेले चित्र ज्या डब्यात ठेवतात तो डबा म्हणजे एचईआयसी फाईल. २०१७ साली आलेल्या आयओएस ११ पासून आयफोन ७ व त्यापुढील फोन छायाचित्रे याच रूपात ठेवू लागले. त्याच दर्जाच्या चित्राला जेपेगपेक्षा जवळजवळ निम्मी जागा लागते, हा त्यातला मुख्य लाभ.

डबा हा शब्द येथे मुद्दामच वापरला आहे. ४०३२ × ३०२४ बिंदूंचे चित्र आयफोन या डब्यात एकसंध ठेवत नाही. त्याचे ५१२ × ५१२ बिंदूंचे चौकोन पाडतो. आडवे आठ आणि उभे सहा, असे ४८ चौकोन होतात आणि कडेचा जादा भाग दाखवताना छाटला जातो. या चौकोनांबरोबरच डब्यात काही चिठ्ठ्याही असतात. आपले सारे लक्ष या चिठ्ठ्यांकडे हवे.

वेळेची चिठ्ठी

छायाचित्र केव्हा घेतले, हे एक्झिफ नावाच्या नोंदवहीत लिहिलेले असते. त्यातली `DateTimeOriginal` ही नोंद अशी दिसते: `2025:05:13 12:30:04`. ही फोनच्या घड्याळातली वेळ. ती भारतीय प्रमाणवेळ आहे हे सांगणारी `+05:30` अशी वेगळी नोंदही अलीकडचे आयफोन करतात.

याखेरीज संगणक प्रत्येक फाईलवर स्वतःची एक तारीख टाकतो. ती असते ती फाईल शेवटची लिहिली गेल्याची तारीख. जेपेग तयार होते तेव्हा संगणकाच्या दृष्टीने एक नवीच फाईल जन्माला येते. म्हणून तिच्यावर रूपांतराच्या दिवसाची तारीख पडते. एक्झिफची वही मागेच राहिली, तर आपल्या ६१ छायाचित्रांवर रूपांतराच्या त्याच एक-दोन मिनिटांची वेळ येईल.

याने किती बिघडते? मध्यान्हाच्या आगेमागे आपल्या काठीची सावली दर मिनिटाला सुमारे सव्वा मिलिमीटरने बदलते. पुण्याला त्या दिवशी ती १२ वाजून ३१ मिनिटांच्या सुमारास सर्वांत लहान असते, आणि या वेळेवरून आपण पुण्याचे रेखांश काढू शकतो. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटे घेते. म्हणून वेळेत चार मिनिटांची चूक झाली, तर उत्तरात एक अंशाची, म्हणजे पुण्याच्या अक्षांशावर सुमारे १०५ किलोमीटरची चूक होईल. वेळच हरवली तर गणित मांडताच येणार नाही.

दिशेची चिठ्ठी

फोनमधला प्रकाशसंवेदक आडवा बसवलेला असतो. आपण फोन उभा धरला तरी संवेदक जागचा हलत नाही. तो चित्र आडवेच टिपतो. मग फोनमधला त्वरणमापक गुरुत्वाकर्षणाची दिशा पाहून फोन कसा धरला आहे ते ओळखतो. चित्राचे लाखो बिंदू उचलून पुन्हा मांडण्याऐवजी फोन फक्त एक सूचना लिहितो: ‘दाखवताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने काटकोनात फिरवा.’ एक्झिफमध्ये या सूचनेचा आकडा ६ आहे. १ म्हणजे फिरवू नका, ३ म्हणजे अर्धे फिरवा, आणि ८ म्हणजे काट्याच्या उलट दिशेने काटकोनात फिरवा.

घोटाळा होतो तो यापुढे. एचईआयसीच्या डब्यात हीच सूचना दोन ठिकाणी असते: एकदा डब्याच्या स्वतःच्या गुणधर्मांत, `irot` या नावाने, आणि दुसऱ्यांदा एक्झिफच्या वहीत. एचईआयसीचा नियम असा की डब्यावरची सूचना पाळायची. रूपांतर करणारी आज्ञावली ती पाळून चित्र उभे करते, आणि त्यातल्या काही आज्ञावली एक्झिफची वही जशीच्या तशी जेपेगमध्ये उतरवतात. वहीत ६ तसाच राहतो. जेपेग उघडणारा संगणक तो वाचतो आणि आधीच सरळ असलेले चित्र पुन्हा एकदा फिरवतो!

आपल्या प्रयोगात याचा अर्थ काय? सकाळी सूर्य पूर्वेला असतो, म्हणून सावली पश्चिमेकडे, चित्रात डावीकडे पडते. चित्र एकदा जादा फिरले की डावी बाजू वर जाते. सावली उत्तरेला पडली होती, असे ते चित्र सांगू लागते. वाईट हे की चित्रात घर किंवा माणूस नसल्यामुळे काही चुकले आहे हे पाहणाऱ्याला कळतही नाही.

म्हणून नियम एकच: चित्र एकदाच फिरावे. जेपेगची रुंदी, उंची आणि दिशेचा आकडा एकत्र पाहिले की निदान होते. उभ्या छायाचित्रासाठी दोन जोड्या बरोबर आहेत. रुंदी ३०२४, उंची ४०३२ आणि आकडा १ असेल, तर बिंदू फिरवून झाले आहेत. रुंदी ४०३२, उंची ३०२४ आणि आकडा ६ असेल, तर दाखवताना फिरतील. याउलट ३०२४ × ४०३२ बरोबर ६ आला तर चित्र दोनदा फिरणार, आणि ४०३२ × ३०२४ बरोबर १ आला तर ते आडवेच राहणार.

प्रत्यक्ष कृती

प्रथम मूळ फाईली संगणकावर जशाच्या तशा आणाव्यात. निरोप पाठवण्याच्या अनेक सोयींमधून छायाचित्र गेले की एक्झिफची वही वाटेतच गळून पडते. त्यामुळे केबलने फाईली उतरवणे चांगले. फोनच्या Photos च्या सेटिंगमध्ये `Keep Originals` निवडले असेल, तर एचईआयसी फाईली न बदलता येतात.

पुढच्या कामासाठी इमेजमॅजिक आणि फिल हार्वे यांची एक्झिफटूल या दोन विनामूल्य आज्ञावली पुरतात. सर्व फाईली एका फोल्डरमध्ये ठेवून त्यात `jpg` नावाचा रिकामा फोल्डर करावा आणि पहिली आज्ञा द्यावी:

```
magick mogrify -path jpg -format jpg -quality 92 *.HEIC
```

ही आज्ञा डब्यावरची सूचना पाळून प्रत्येक चित्र सरळ करते आणि त्याची जेपेग प्रत `jpg` फोल्डरमध्ये ठेवते. ९२ हा दर्जाचा आकडा आहे. तो कमी केला तर फाईल लहान होते, पण सावलीची कडा पुसट होऊ लागते. दुसरी आज्ञा मूळ फाईलमधली वही त्याच नावाच्या जेपेगमध्ये उतरवते, मात्र दिशेची नोंद वगळून:

```
exiftool -overwrite_original -tagsFromFile %f.HEIC -exif:all --Orientation jpg
```

येथे `%f` म्हणजे फाईलचे नाव. `IMG_0442.jpg` ला `IMG_0442.HEIC` चीच वही मिळते, शेजारची नव्हे. तिसरी आज्ञा दिशेचा आकडा १ करते, आणि संगणकाने टाकलेली तारीखही छायाचित्राच्या वेळेशी जुळवते:

```
exiftool -overwrite_original -Orientation#=1 "-FileModifyDate<DateTimeOriginal" jpg
```

मूळ एचईआयसी फाईली इतक्यात पुसू नयेत. आधी तपासणी करावी:

```
exiftool -n -T -FileName -DateTimeOriginal -Orientation -ImageWidth -ImageHeight jpg
```

पडद्यावर प्रत्येक छायाचित्राची एक ओळ येते. पहिले छायाचित्र `IMG_0412` असेल आणि मध्ये दुसरे एकही घेतले नसेल, तर ३० क्रमांक पुढचे `IMG_0442` हे १२.३० चे असले पाहिजे:

```
IMG_0442.jpg  2025:05:13 12:30:04  1  3024  4032
```

ओळी ६१ आहेत ना, वेळा दोन-दोन मिनिटांनी वाढतात ना, आणि दिशेचा आकडा सगळीकडे १ आहे ना, हे पाहावे. वेळेच्या जागी नुसती आडवी रेघ दिसली, तर त्या फाईलची वही हरवली आहे असे समजावे. एखाद्या ओळीत रुंदी ४०३२ आणि उंची ३०२४ आली, तर ते चित्र मूळ छायाचित्राशी ताडून पाहावे.

जे आज्ञावलीला दुरुस्त करता येत नाही

अशी एखादी आडवी ओळ आपल्या प्रयोगात खरोखरच येऊ शकते, आणि त्यात रूपांतराचा काही दोष नसतो. सावलीचे छायाचित्र घेताना फोन जमिनीकडे तोंड करून आडवा धरावा लागतो. त्या वेळी गुरुत्वाकर्षणाचा ओढा पडद्याच्या पातळीला लंब असतो. फोनची कोणती बाजू वर आहे, हे त्वरणमापकाला त्यावरून ठरवता येत नाही. मग फोन बहुधा आधीचीच दिशा धरून बसतो, आणि हात थोडा कलला की ती बदलते. अशा वेळी मूळ फाईलमधलीच सूचना चुकीची असते. रूपांतर कितीही काटेकोर केले तरी ते ती चूकच जपून ठेवील. उपाय जुना आणि साधा आहे: काठीशेजारी कागदावर उत्तर दाखवणारा बाण काढून तो प्रत्येक चित्रात येऊ द्यावा. वेळेचेही तसेच. फोनचे घड्याळ मागे-पुढे असेल, तर वहीत तीच चूक उतरते.

दुसरी मर्यादा दर्जाची. जेपेग करताना चित्र नव्याने दाबले जाते आणि थोडा तपशील कायमचा जातो. तेव्हा मूळ एचईआयसी फाईली जपून ठेवाव्यात आणि पुन्हा कधी जेपेग लागले तर ते मुळावरूनच करावे.

करून पाहा

आयफोन अनुक्रमे उभा, उजवीकडे आडवा, डावीकडे आडवा आणि उलटा धरून एकाच झाडाची चार छायाचित्रे घ्या. तपासणीची आज्ञा आधी मूळ फाईलींवर चालवा. त्यासाठी शेवटच्या `jpg` ऐवजी `*.HEIC` लिहा. १, ३, ६ आणि ८ यांपैकी कोणता आकडा कोणत्या स्थितीचा, ते लिहून काढा. मग रूपांतर करून चारही चित्रांत झाड सरळ उभे आहे का, ते पाहा.